क्लेम झाल्यावर वाढलेला प्रीमियम आणि कंपनी बदलण्याचा नेमका मार्ग

आरोग्य विम्याचा क्लेम मंजूर होतो, हॉस्पिटलचं बिल भागतं आणि काही महिन्यांनी रिन्यूअलची नोटीस येते. प्रीमियमचा आकडा पाहून घरात एकच निष्कर्ष निघतो : क्लेम केला म्हणून कंपनीनं वाढवला. एजंटही बऱ्याचदा मान डोलावतो. रागाच्या भरात पॉलिसी सोडून दिली जाते किंवा घाईघाईनं दुसऱ्या कंपनीकडे अर्ज जातो. खरं नुकसान होतं ते इथे, आणि अनेकदा ते पुढच्या आजारपणापर्यंत कळतही नाही.

हा समज मुख्यतः गाडीच्या विम्यातून आलेला आहे. गाडीला वर्षभर क्लेम नसेल तर ‘नो क्लेम बोनस’ २० टक्क्यांपासून सुरू होतो, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक क्लेम केला की शून्यावर येतो. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतही मागच्या वर्षीच्या क्लेमवर पुढचा दर ठरतो. वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसीचा नियम मात्र वेगळा आहे. तुम्ही क्लेम केला एवढ्या कारणावरून कंपनी तुमच्या एकट्याच्या रिन्यूअलवर लोडिंग लावू शकत नाही. दर बदलायचा तर त्या प्रॉडक्टच्या सगळ्या ग्राहकांसाठी बदलावा लागतो. क्लेम झाला म्हणून रिन्यूअल नाकारताही येत नाही. विमा रक्कम वाढवून मागितली नसेल, तर रिन्यूअलच्या वेळी तब्येतीची नव्यानं छाननी करण्याचीही मुभा कंपनीला नाही. गंभीर आजार झाल्यावर एकरकमी पैसे देऊन संपणाऱ्या पॉलिसी याला अपवाद आहेत.

मग आकडा वाढतो कशानं? एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे समजण्यापुरते आहेत, पण घडतं ते असंच.

नाशिकचे एक गृहस्थ, वय ५६, पत्नी ५२ वर्षांच्या. सहा वर्षं जुनी पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी, त्यावर साठलेला अडीच लाखांचा बोनस. जुलै २०२५ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, क्लेम मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ३५,४०० रुपये भरले होते, डिसेंबर २०२५ ची नोटीस ३८,९७६ रुपयांची आली. वरवर पाहता वाढ १० टक्के. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. मागच्या वर्षीच्या ३५,४०० मध्ये ५,४०० रुपये कर होता, मूळ प्रीमियम ३०,००० चाच. म्हणजे मूळ प्रीमियममधली खरी वाढ जवळपास ३० टक्के आहे. करमाफीच्या आधीची पावती आणि नंतरची नोटीस यांची तुलना करताना ‘कर सोडून प्रीमियम’ या रकान्यातलेच आकडे बघा, नाहीतर हिशेब चुकतो.

आता ही ३० टक्के वाढ कुठून आली? फ्लोटरचा दर घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो, आणि बहुतेक कंपन्यांचे दर वयाच्या टप्प्यांनुसार असतात. या गृहस्थांनी ५५ ओलांडली आणि त्यांचा टप्पा बदलला, तिथे प्रीमियम ३०,००० वरून ३४,८०० झाला. शिवाय कंपनीनं त्या प्रॉडक्टचा दर सगळ्यांसाठी १२ टक्क्यांनी वाढवला होता, त्यामुळे ३४,८०० चे ३८,९७६ झाले. यात अँजिओप्लास्टीचा वाटा शून्य. क्लेमचा परिणाम झाला तो बोनसवर : दरवर्षी ५० हजारांनी वाढलेला बोनस त्याच पटीनं खाली आला, अडीच लाखांचा दोन लाख झाला. एकूण संरक्षण साडेसात लाखांवरून सात लाख. ज्यांनी बोनसऐवजी प्रीमियममध्ये सूट घेतलेली असते, त्यांची सूट क्लेमनंतर जाते. त्यांना ती ‘क्लेमची वाढ’ वाटते, प्रत्यक्षात हातची सवलत गेलेली असते.

ही फोड कंपनीकडून लेखी मागता येते. ईमेलमध्ये सरळ लिहावं : ‘माझ्या पॉलिसीच्या रिन्यूअल प्रीमियममध्ये झालेल्या वाढीपैकी वयामुळे किती, प्रॉडक्टच्या दरवाढीमुळे किती, सवलत कमी झाल्यामुळे किती आणि माझ्या क्लेममुळे किती, हे कळवावे.’ शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. उत्तरात क्लेममुळे लोडिंग लावल्याचं दिसलं, तर तुमच्या हातात तक्रारीचा ठोस मुद्दा आला. साठीच्या पुढच्यांनी आणखी एक ओळ घालावी. जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयनं असं बजावलं आहे की, ज्येष्ठ नागरिकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीनं आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. तो झाला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

लोडिंग नावाची गोष्ट अस्तित्वात नाही असं मात्र नाही. ती लागते पॉलिसीत शिरताना. मधुमेह, रक्तदाब, जास्त वजन, आधीचं ऑपरेशन पाहून कंपनी मूळ प्रीमियमवर काही टक्के जादा लावते, तुमची संमती घेते आणि मग ते जादा पैसे दरवर्षी त्या पॉलिसीसोबत चालू राहतात. हा फरक नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण कंपनी बदलायची की नाही याचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. जुन्या कंपनीला तुमच्या क्लेमवर बोट ठेवता येत नाही. नव्या कंपनीला येतं. अँजिओप्लास्टीनंतर सहा महिन्यांनी दुसरीकडे अर्ज केला, तर ती कंपनी लोडिंग लावू शकते किंवा सरळ नकारही देऊ शकते. म्हणून मोठ्या आजाराच्या क्लेमनंतर हातातली जुनी पॉलिसी, महाग वाटली तरी, तुमची सर्वांत भक्कम बाजू असते.

त्यामुळे पहिली बोलणी जुन्या कंपनीशीच करावीत. दरपत्रकात घासाघीस होत नाही. एजंट किंवा शाखाधिकारी एका ग्राहकासाठी दर कमी करू शकत नाही, तसं कुणी आश्वासन दिलं तर सावध व्हा. बदलता येते ती पॉलिसीची रचना. नको असलेले रायडर काढता येतात. दोन किंवा तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला तर बहुतेक ठिकाणी सूट मिळते आणि तेवढा काळ दरवाढीची झळ लागत नाही. काही कंपन्या ऐच्छिक डिडक्टिबल देतात, म्हणजे वर्षातले पहिले २५ किंवा ५० हजार तुम्ही भरायचे आणि त्यावरचं कंपनीनं. ज्यांच्याकडे तेवढी शिल्लक बाजूला आहे, त्यांना हा पर्याय परवडतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रॉडक्टमध्ये ‘मायग्रेशन’ करता येतं, तिथेही जुनी वर्षं मोजली जातात.

दोन स्वस्त वाटणारे मार्ग मला धोक्याचे वाटतात. विमा रक्कम कमी करणं हा एक. पुढे ती पुन्हा वाढवायला गेलात की वाढीव रकमेसाठी तब्येतीची छाननी आणि नवा प्रतीक्षाकाळ. दुसरा कोपेमेंटचा, म्हणजे प्रत्येक बिलातले २० टक्के स्वतः सोसण्याचा. डिडक्टिबलला वरची मर्यादा असते, कोपेमेंट बिलासोबत वाढत जातं. पाच लाखांच्या बिलात ते एक लाख होतं. शहरानुसार दर असलेल्या पॉलिसीत ‘नाशिकचा झोन’ निवडून पैसे वाचवणाऱ्यांनी हेही पाहावं की, उपचार मुंबईत घेतले तर काही पॉलिसींत कोपेमेंट लागतं.

एवढं करूनही कंपनी बदलावीशी वाटली, तर शब्द एकच सांगायचा : पोर्टेबिलिटी. नवी पॉलिसी घेणं आणि पोर्ट करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो. नव्यानं पॉलिसी घेतली की हा काळ पहिल्या दिवसापासून मोजला जातो. पोर्ट केली तर आधी भरलेली वर्षं सोबत येतात. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘तुम्ही आजार सांगितला नव्हता’ असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे मॉरेटोरियमचं संरक्षणही पोर्टिंगमध्ये टिकतं. नाशिकच्या गृहस्थांनी सहा वर्षांत हे दोन्ही टप्पे ओलांडले आहेत.

मात्र हे फायदे जुन्या रकमेपुरतेच येतात. त्यांनी नव्या कंपनीकडे दहा लाखांची पॉलिसी मागितली, तर पाच लाख आणि दोन लाखांचा बोनस मिळून सात लाखांपर्यंत जुनी वर्षं लागू होतील, आणि तीही बोनसची रक्कम अर्जात मागितली असेल तरच. उरलेल्या तीन लाखांसाठी प्रतीक्षाकाळ नव्यानं चालू होईल.

अर्ज रिन्यूअलच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा. प्रपोजल फॉर्मसोबत पोर्टेबिलिटीचा वेगळा फॉर्म असतो, तो भरला नाही तर तो अर्ज नव्या पॉलिसीचा म्हणून जाऊ शकतो. मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी आणि हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोडावं. क्लेम लपवायचा विचार मनातही आणू नये : तुमचा विमा आणि क्लेमचा इतिहास जुनी कंपनी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या पोर्टलवरून ७२ तासांत नव्या कंपनीला देते. माहिती मिळाल्यापासून पाच दिवसांत नव्या कंपनीनं होकार किंवा नकार कळवायचा असतो.

या काळात सर्वांत मोठी चूक होते ती ‘नवी मिळेलच’ म्हणून जुनी सोडून देण्याची. रिन्यूअलच्या आठवडाभर आधीपर्यंत लेखी होकार आला नाही, तर जुन्या कंपनीचे पैसे भरून मोकळं व्हावं आणि पोर्टिंग पुढच्या वर्षी पाहावं. वार्षिक प्रीमियमसाठी ३० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो खरा. त्या मुदतीत पैसे भरले तर सातत्य तुटत नाही, पण पॉलिसी संपल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर ते बिल कंपनी देत नाही.

नवी पॉलिसी हातात आली की सगळी पुस्तिका वाचायच्या आधी तिचं पहिलं पान, शेड्यूल, बघा. ‘पहिल्यांदा पॉलिसी सुरू झाल्याची तारीख’ जुन्या पॉलिसीचीच छापलेली हवी. तिथे नव्या पॉलिसीची तारीख दिसली, तर तुमची सहा वर्षं कागदावर आलेलीच नाहीत. प्रतीक्षाकाळाच्या रकान्यात जुन्या सात लाखांसाठी ‘लागू नाही’ असं हवं, आणि लोडिंग लावलं असेल तर त्याचा टक्का तुम्ही संमती दिली तेवढाच हवा. चूक असेल तर त्याच दिवशी ईमेल करा. हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर ही दुरुस्ती होत नाही.

कंपनीनं दाद दिली नाही तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथेही समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सोबत न्यायचं ते एवढंच : दोन्ही वर्षांच्या नोटिसा, वाढीची फोड मागणारा तुमचा ईमेल आणि त्यावर कंपनीनं दिलेलं किंवा न दिलेलं उत्तर. तो ईमेल आजच पाठवा.