एकाच 'अलीम'चे दोन अर्थ

'तीन' हा शब्द दिसला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आकडा येतो. अरबीत मात्र तो अंजीरही असू शकतो आणि चिखलही. अंजिरातला 'त' साधा, जिभेचं टोक दातांच्या मुळाशी टेकवून म्हटलेला. चिखलातला 'त' जड. तो म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. अरबीत ही दोन वेगळी अक्षरं आहेत, देवनागरीत दोघांच्या वाट्याला एकच 'त' येतो.

मराठी माध्यमात शिकलेल्या आणि अरबी लिपीचा सराव नसलेल्या कुणी नमाज शिकायला घेतली, की देवनागरीत छापलेली छोटी पुस्तिका जवळची वाटते. चाल ऐकून आणि पुस्तिका वाचून पाठांतर होतंही. पण अरबीच्या 28 अक्षरांपैकी कितीतरी या लिपीत एकमेकांत मिसळून जातात. 'स'च्या जागी तीन वेगळी अक्षरं येतात, 'ज'च्या जागी पाच आणि 'ह'च्या जागी दोन.

'अलीम' हा शब्द घ्या. एक अलीम म्हणजे सर्वज्ञ, ईश्वराचं विशेषण. दुसरा अलीम म्हणजे वेदनादायक, शिक्षेचं विशेषण. फरक फक्त पहिल्या अक्षरात आहे. सर्वज्ञ 'ऐन' या अक्षराने सुरू होतो. हा आवाज घशाच्या मध्यभागी किंचित आवळून काढतात. वेदनादायकची सुरुवात साध्या स्वराने होते. मराठीत ऐनचा आवाजच नाही, म्हणून पुस्तिका दोन्ही ठिकाणी 'अ' छापते. 'नस्र'चंही तसंच. एका 'स'ने त्याचा अर्थ मदत होतो, दुसऱ्याने गिधाड.

अशा पुस्तिका बहुधा हिंदी-उर्दू वळणाच्या असतात, त्यामुळे उर्दूचे उच्चारही त्यांच्यासोबत येतात. अरबी 'रमदान'मधला जड 'द' उर्दूत 'ज़' झाला आणि आपल्याकडे 'रमजान' रूढ झाला. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पठणात मात्र तेच अक्षर अरबीप्रमाणे म्हणावं लागतं.

त्यात मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपण 'ताजा' आणि 'ताजी' एकाच 'ज'ने लिहितो, पण उच्चार वेगळे करतो. 'ताजा'तला ज दातांशी घासून येतो, 'ताजी'तला टाळूवर. 'माझा' आणि 'माझी'तही हेच होतं. 'अजीम' असं छापलं की पुढच्या ईकारामुळे मराठी जीभ आपोआप टाळूचा 'ज' उच्चारते. मराठी छपाईत नुक्ता नेहमीचा नसल्याने 'अज़ीम'चा ठिपका गळतो आणि वाचकाला चूक दिसतही नाही. पुस्तिकेत झ वापरला तरी 'माझी'चीच गत होते.

सर्वांत फसवा मात्र शेवटचा 'अ'. मराठीत 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. सूरा फातिहामधला 'इय्याक' हा शब्द मराठी वाचक याच सवयीने 'इय्याक्' म्हणतो. अरबीत त्याचा शेवटचा 'क' ऱ्हस्व अकारासह पूर्ण म्हणायचा असतो. काही पुस्तिका 'इय्या-क' असं छापतात. पण ही खूण ठाऊक नसलेला वाचक तिथे थांबतो आणि एका शब्दाचे दोन तुकडे करतो. उलट त्याच सूरेत 'आलमीन'वर थांबल्यास शेवटचा स्वर टाकायचाच असतो. म्हणजे 'इय्याक'च्या शेवटी मराठी सवय चूक आणि 'आलमीन'च्या शेवटी बरोबर. देवनागरी पानावर हा भेद कुठेच दिसत नाही. अरबी पानावर तो दिसतो, कारण स्वरांच्या आणि थांबण्याच्या खुणा अक्षरांसोबतच छापलेल्या असतात.

'अन्अम्त'मध्ये तर शेवटचा स्वर बदलला तर अर्थच फिरतो. 'त' म्हटलं तर 'तू कृपा केलीस', 'तु' म्हटलं तर 'मी कृपा केली'. पठणशास्त्रात, म्हणजे तजवीदमध्ये, अशा उघड चुकीला 'लह्न-ए-जली' म्हणतात.

मग देवनागरी टाकून द्यायची का? नाही, पण तिला आठवणीच्या चिठ्ठीची जागा द्यावी. अरबी ओळ वर आणि देवनागरी खाली, असंच पान निवडा. आधी ऐन, दोन 'ह', दोन 'त' आणि तीन 'स' या जोड्या उस्तादांसमोर बसून घटवा. मग एक साधी चाचणी करा. उस्तादांकडे पाठ करून 'अलीम' हा शब्द दोन्ही प्रकारे म्हणा आणि कोणता म्हटलात हे त्यांना ओळखू द्या. त्यांना ओळखता आलं, तर तुमची जीभ लिपीच्या पुढे गेली. नाही ओळखता आलं, तर पान उलटू नका.