‘सर, मी काय करू?’

पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते तेव्हाची गोष्ट. ज्याँ-पॉल सार्त्र त्या काळी शाळेत तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचा एक विद्यार्थी पेचात सापडून त्यांच्याकडे आला. त्याचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेला होता. आईवडिलांचे पटत नव्हते, शिवाय वडिलांचा कल शत्रूशी जुळवून घेण्याकडे होता. आईला आता या मुलाचाच काय तो आधार. त्याला मात्र इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हायचे होते. तो गेला तर आई खचणार, हे त्याला दिसत होते. आणि जाऊनही लढायला मिळेल याची खात्री नव्हती. वाटेत स्पेनच्या छावणीत अडकून पडावे लागेल किंवा एखाद्या कचेरीत कागद भरत बसावे लागेल, हेही शक्य होते.

सार्त्र यांनी त्याला ‘जा’ म्हटले नाही की ‘राहा’ म्हटले नाही. तू मोकळा आहेस, तूच ठरव, असे त्यांनी सांगितले. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या गाजलेल्या व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग मांडला, आणि अस्तित्ववाद समजावून सांगताना आजही तो हमखास दिला जातो.

वरवर पाहता ही शिक्षकाने केलेली टाळाटाळ वाटते. सार्त्र यांचा युक्तिवाद वेगळा होता. शेजाऱ्यावर प्रेम कर, असे धर्म सांगतो. पण इथे शेजारी कोण, आई की रणांगणावरचा सैनिक? मनाचा कौल घ्यावा, तर आईवरचे प्रेम किती खरे हे तिच्याजवळ राहून दाखवल्याशिवाय कळणार कसे? सल्ला कोणाला विचारायचा, यातही निवड येतेच. शत्रूशी हातमिळवणी केलेल्या पाद्र्याकडे जाणाऱ्याला आणि प्रतिकार करणाऱ्या पाद्र्याकडे जाणाऱ्याला काय ऐकायला मिळणार, याचा अंदाज आधीच असतो. माणूस आधी जन्माला येतो आणि मग आपल्या कृतींतून घडत जातो, असे अस्तित्ववादी मानतात. म्हणून निवड ज्याची, जबाबदारीही त्याचीच. काहीच न ठरवता बसून राहणे हाही त्यांच्या लेखी एक निर्णयच.

शिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, शिक्षकाने उत्तर हातात ठेवले तर विद्यार्थ्याला एक आडोसा मिळतो. पुढे काही बिघडले, की ‘सरांनी सांगितले म्हणून केले’ असे म्हणण्याची सोय होते. दहावीनंतर सायन्स घ्यावे की आर्ट्‌स, असे विचारणाऱ्या मुलीला शिक्षकाने फी, प्रवेशाच्या अटी, पुढच्या वाटा हे सगळे जरूर सांगावे. त्यातले आपल्याला काय मोलाचे वाटते, हे मात्र तिनेच शोधायचे असते.

पण निर्णय विद्यार्थ्यावर सोपवला, की शिक्षकाचे काम संपले का?

मार्टिन बुबर यांना याचे उत्तर फार महागात मिळाले. १९१४ च्या जुलैमध्ये एक अनोळखी तरुण त्यांच्या भेटीला आला. त्या दिवशी सकाळी बुबर एका उत्कट धार्मिक अनुभवात बुडालेले होते. ते तरुणाशी आपुलकीने बोलले, त्याच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे दिली. पण त्याच्या मनात जे अडले होते आणि ओठांवर येत नव्हते, ते त्यांनी ओळखले नाही. काही काळाने कळले की तो तरुण हयात नाही, आणि त्या दिवशी तो सहज गप्पा मारायला आलेला नव्हता. आयुष्यातल्या निर्णायक क्षणी तो त्यांच्या दारी आला होता. बुबर यांनी पुढे लिहिले आहे की, या घटनेने त्यांची धार्मिकतेची कल्पनाच पालटली.

१९२३ मध्ये त्यांचे ‘मी आणि तू’ हे पुस्तक आले. समोरच्याला वस्तू मानून हाताळणे आणि त्याला ‘तू’ म्हणून सामोरे जाणे, यातला फरक त्यात मांडला आहे. हजेरीपटावरचा क्रमांक, चाचणीतले गुण, ‘हुशार’ किंवा ‘ढ’ हा शिक्का, या सगळ्यांत मूल पहिल्या प्रकारे पाहिले जाते. शाळेचे कामकाज त्याशिवाय चालत नाही, हेही खरे. मात्र शिक्षक तिथेच थांबला, तर न विचारलेला प्रश्न त्याला ऐकू येत नाही.

१९२५ मध्ये हायडेलबर्गच्या शिक्षण परिषदेत बोलताना बुबर यांनी या नात्याची मर्यादाही दाखवली. शिक्षकाने आपल्या जागी उभे राहून विद्यार्थ्याच्या बाजूनेही प्रसंग अनुभवायचा असतो. विद्यार्थ्याकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. तोही शिक्षकाची बाजू अनुभवू लागला, तर ते नाते मैत्रीचे होते, शिक्षणाचे राहत नाही. त्यामुळे अस्तित्ववादी वर्गात गुरू-शिष्य बरोबरीचे होतात, हा समज बुबर यांच्या बाबतीत तरी लागू पडत नाही.

सार्त्र यांच्या उत्तरालाही मर्यादा आहे. त्यांचा विद्यार्थी पुढचामागचा विचार करू शकणारा, तत्त्वज्ञान शिकणारा तरुण होता. सात वर्षांच्या मुलाला ‘तूच ठरव’ म्हणून मोकळे होणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे. त्याला गणित हवे की नको, हे विचारण्यात अर्थ नाही. आधी कोणते उदाहरण सोडवायचे, हे विचारता येते. आणि भांडणात त्याने मित्राची वही फाडली, तर शिक्षा सुनावण्याआधी ‘आता हे कसे निस्तरशील?’ असे विचारून त्याने सुचवलेले त्याच्याकडून पुरे करून घेता येते.