मशीन भाड्याने की विकत? हिशेब आजच्या रुपयांत

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला एक छोटा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून द्यायचं, हे त्याचं जॉबवर्क. कामं वाढली म्हणून एक नवं व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, हवं आहे. किंमत जीएसटी सोडून ४० लाख रुपये. बँक १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार आहे. दुसरीकडे एक लीज कंपनी तेच मशीन पाच वर्षं भाड्याने द्यायला तयार आहे. भाडं वर्षाला साडेआठ लाख, दर वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ.

लीज कंपनीचा माणूस समजावतो ते ऐकायला बिनतोड वाटतं. पूर्ण ४० लाखांचं कर्ज काढलं, तर महिन्याचा हप्ता जवळपास ८९ हजार. भाडं मात्र महिन्याला ७१ हजारच पडतं. शिवाय भाड्याची सगळी रक्कम खर्चात धरून कर वाचतो, विकत घेतलेल्या मशीनवर मात्र वर्षाला जेमतेम १५ टक्के घसारा मिळतो.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण तुलना चुकीची आहे. हप्ते फिटले की मशीन मालकाचं होतं. भाडं फिटलं की ते लीज कंपनीकडे परत जातं. पाच वर्षांनी उरणारी ती वस्तू हिशेबात आणल्याशिवाय ८९ आणि ७१ हे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आणि ती आणायची, तर पाच वर्षांनंतरचा रुपया आणि आजचा रुपया एका मापात बसवावे लागतात.

कोणता दर लावायचा?

पुढे मिळणाऱ्या किंवा द्याव्या लागणाऱ्या रकमेची आजची किंमत म्हणजे तिचं वर्तमान मूल्य. ते काढायला एक व्याजदर लागतो. भाड्याचा करार ही एक प्रकारची उधारीच आहे. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम द्यायचं बंधन दोन्हीकडे असतं, आणि भाड्याचा करार केला की तेवढी कर्ज काढण्याची ताकद कमी होते. म्हणून इथे कर्जाचाच दर लावतात, पण कर वजा करून. आपला कारखाना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे आणि त्याने २२ टक्क्यांची सवलतीची करपद्धत निवडली आहे असं धरू. अधिभार आणि उपकर मिळवून हा कर सुमारे २५ टक्के होतो. १२ रुपये व्याज भरलं की त्यातले ३ रुपये करात वाचतात, म्हणजे कर्जाचा खरा खर्च ९ टक्के. या दराने पाच वर्षांनंतरच्या १ लाखाची आजची किंमत साधारण ६५ हजार होते.

विकत घेतलं तर

पहिली नोंद सोपी आहे: आज ४० लाख जातात. कर्ज काढलं तरी हाच आकडा धरायचा, कारण सगळ्या हप्त्यांचं कर वजा जाता वर्तमान मूल्य त्याच दराने पुन्हा ४० लाखच येतं. किंमतही धरायची आणि हप्तेही धरायचे, अशी चूक अनेक तक्त्यांत सापडते. मग खरेदी विनाकारण महाग दिसते.

आता या ४० लाखांतून परत काय मिळतं ते पाहू. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. घसारा म्हणून हातातून पैसे जात नाहीत, पण त्यामुळे नफा कमी दिसतो आणि त्याच्या पाव भाग कर वाचतो. मोजायचा तो हा वाचलेला कर.

| वर्ष | घसारा (रु.) | वाचलेला कर (रु.) | त्याची आजची किंमत (रु.) |
|---|---|---|---|
| १ | ६,००,००० | १,५०,००० | १,३७,६०० |
| २ | ५,१०,००० | १,२७,५०० | १,०७,३०० |
| ३ | ४,३३,५०० | १,०८,४०० | ८३,७०० |
| ४ | ३,६८,५०० | ९२,१०० | ६५,३०० |
| ५ | ३,१३,२०० | ७८,३०० | ५०,९०० |

शेवटच्या रकान्याची बेरीज सुमारे ४.४५ लाख. इथे एक बारकावा आहे. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणून दिवाळीनंतर बसवलेल्या मशीनसाठी हा तक्ता वेगळा मांडावा लागेल.

पाच वर्षांनी मशीन विकून १४ लाख येतील असा अंदाज करू. ९ टक्क्यांनी त्यांची आजची किंमत ९.१० लाख. पुस्तकात त्या वेळी १७.७५ लाख शिल्लक असतील, म्हणजे पावणेचार लाखांचा फरक राहतो. हा तोटा त्याच वर्षी पूर्ण वजा होईल असं अनेकांना वाटतं. भारतीय आयकरात तसं होत नाही. एकाच दराच्या सगळ्या यंत्रांचा एक गट धरला जातो आणि विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते. कारखान्यात इतर मशीन आहेत तोवर हा फरक गटात राहतो आणि त्यावर पुढेही १५ टक्क्यांनी घसारा मिळत जातो. त्यातून हळूहळू वाचणाऱ्या कराची आजची किंमत सुमारे ३८ हजार येते.

४० लाखांतून ४.४५ लाख, ९.१० लाख आणि ०.३८ लाख वजा केले की उरतात २६.०७ लाख. पाच वर्षं मशीन मालकीने वापरण्याचा हा आजच्या रुपयांतला खर्च.

भाड्याने घेतलं तर

हा हिशेब छोटा आहे. साडेआठ लाखांचे पाच हप्ते आहेत. पहिला आजच, बाकीचे चार पुढच्या प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला. त्यांचं वर्तमान मूल्य ३६.०४ लाख. प्रत्येक हप्त्यावर २.१२ लाख कर वाचतो, पण तो वर्षअखेरीस वाचतो असं धरलं आहे. त्याची आजची किंमत एकूण ८.२७ लाख. म्हणजे भाड्याचा निव्वळ खर्च २७.७७ लाख. मशीनवर घसारा मिळणार नाही, कारण मालक लीज कंपनी आहे. घसारा तिचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

देखभालीचा करार, विमा, वीज आणि ऑपरेटरचा पगार कुठेच दिसत नाहीत, कारण ते दोन्ही पर्यायांत सारखेच पडणार आहेत असं धरलं आहे. लीज कंपनी देखभाल स्वतः करणार असेल, तर तो वाचणारा खर्च कर वजा करून भाड्यातून कमी करावा. उलट तिने दोन लाख बिनव्याजी अनामत मागितली, तर ती पाच वर्षांनी पूर्ण परत मिळाली तरी आजच्या रुपयांत ७० हजारांचं नुकसान होतं. जीएसटी भाड्यावर लागतो आणि खरेदीवरही. त्याची वजावट मिळत असेल तर तो खर्च ठरत नाही, मात्र खरेदीत कराची मोठी रक्कम एकदम भरावी लागते.

१.७० लाखांचा फरक किती टिकतो?

तर खरेदी १.७० लाखांनी स्वस्त. महिन्याला १८ हजार वाचवून देणारी लीज प्रत्यक्षात महाग निघाली. पण इथेच थांबलं तर दुसरी चूक होते, कारण हे उत्तर एकाच डळमळीत आकड्यावर उभं आहे. कर्जाचा दर लेखी आहे, भाडं लेखी आहे, घसारा कायद्यात आहे. विक्रीचे १४ लाख मात्र कुणी लिहून दिलेले नाहीत.

तो आकडा हलवून पाहू. मशीन १०.९० लाखांना गेलं, तर दोन्ही पर्यायांचा खर्च सारखा होतो. ८ लाखच आले, तर भाड्याचा पर्याय दीड लाखाहून अधिक स्वस्त ठरतो. आणखी एक मुद्दा दराचा आहे. भाडं आणि घशावरचा कर यांची खात्री कर्जाइतकी असते, म्हणून त्यांना ९ टक्के योग्य. जुन्या मशीनच्या किमतीची तशी खात्री नसते, म्हणून तिला चढा दर लावावा असं अर्थशास्त्र सांगतं. विक्रीच्या १४ लाखांना १५ टक्के दर लावला, तर त्यांची आजची किंमत ९.१० वरून ६.९६ लाखांवर येते. खरेदीचा खर्च २८.२१ लाख होतो आणि लीज ४४ हजारांनी पुढे जाते. मशीन तेच, भाडं तेच, फक्त जोखीम मोजली.

म्हणून कॅल्क्युलेटरपेक्षा जुन्या मशीनच्या दलालाला केलेला फोन जास्त उपयोगी पडतो. याच मॉडेलचं पाच वर्षं वापरलेलं मशीन आज कितीला जातं, हे विचारावं. सर्वत्र चालणारा कंट्रोलर असलेल्या साध्या तीन-अक्षी व्हीएमसीला गिऱ्हाईक मिळतं. एकाच पार्टसाठी बनवून घेतलेल्या खास मशीनला भंगाराच्या आसपासच भाव येतो. दोन पाळ्यांत चालणाऱ्या स्पिंडलचं आयुष्यही वेगळं मोजावं लागतं.

कारखाना तोट्यात असेल तर सगळा तक्ता बदलतो. कर भरायचाच नसेल, तर भाड्यावरही कर वाचत नाही आणि घशावरही नाही, आणि दर ९ ऐवजी पूर्ण १२ टक्के लागतो. याच आकड्यांनी मग खरेदी ३२.०६ लाखांना आणि भाडं ३४.३२ लाखांना पडतं. त्यात भाड्यामुळे वाढलेला धंद्याचा तोटा आठच वर्षं पुढे ओढता येतो. वजा न झालेल्या घशाला अशी मुदत नाही.

या सगळ्यातून वाटाघाटीसाठी एक आकडा हाती येतो. विक्रीचे १४ लाख आणि ९ टक्के दर धरला, तर वर्षाला ७.९८ लाख भाड्याला दोन्ही पर्याय सारखे होतात. साडेआठ मागणाऱ्याला आठच्या आत यायला सांगण्याचं कारण आता हातात आहे. सोबत त्याला एक प्रश्न विचारावा: पाच वर्षांनी हेच मशीन मला कितीला विकाल, हे करारात लिहून द्याल का? तो १२ लाख लिहायला तयार असेल, तर त्याचा स्वतःचा अंदाज समजतो, आणि आपले १४ लाख जास्तच आशावादी होते का हेही. मात्र अगदी नाममात्र रक्कम लिहिली गेली, तर आयकर खातं त्या कराराला भाडं न मानता हप्त्यांवरची खरेदी मानू शकतं. तेव्हा भाड्याची वजावट जाते आणि वरचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. सही करण्यापूर्वी कराराचं ते पान सीएला दाखवावं.