तीन रुपये सुट्टे आहेत का?

संध्याकाळी सातला किराणा दुकानाच्या गल्ल्यासमोर सहा-सात माणसं उभी असतात. एका ग्राहकाचं बिल होतं 347 रुपये 60 पैसे. छापील कागदावर त्याच्याखाली ‘राउंड ऑफ 0.40’ अशी ओळ असते आणि तळाशी ठळक अक्षरांत 348. ग्राहक शंभराच्या तीन आणि पन्नासची एक नोट पुढे करतो. गल्ल्यावरचा मुलगा ड्रॉवरच्या कप्प्यात बोटं फिरवतो. हाताला पाचचीच नाणी लागतात. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘तीन रुपये सुट्टे आहेत का? पाच परत देतो.’

सुट्टे नसतात. मुलगा बरणीतून दोन चॉकलेटं काढून बिलावर ठेवतो आणि मागच्या माणसाकडे बघतो. ग्राहक म्हणतो, ‘हे नको. माझे दोन रुपये द्या.’

गंमत म्हणजे याच बिलात आधीच 40 पैसे जास्त लागले होते आणि त्याबद्दल हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता. रक्कम लहान होती हे खरं, पण तेवढंच कारण नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने चालतं, पण बाजारात ते दिसतच नाही. त्यामुळे पन्नास पैशांच्या खालचं सोडायचं आणि पन्नास किंवा वरचं असेल तर पुढचा रुपया धरायचा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. आज 40 पैसे गेले तर उद्या 40 पैसे सुटतात आणि दोन्ही वेळा हिशोब यंत्र करतं. दोन रुपयांचा निवाडा मात्र गल्ल्यावरचा मुलगा करतो. ओळखीच्या काकूंकडून तो 345 घेईल, अनोळखी माणसाला चॉकलेटं देईल. माणसं चिडतात ती इथे.

पाचाच्या पटीत बिल करायचं तर त्याचीही रीत आहे. बिलाचा शेवट पाचाच्या पटीपेक्षा एक किंवा दोन रुपयांनी पुढे गेला असेल तर तेवढे सोडायचे. तीन किंवा चारने गेला असेल तर पुढच्या पाचापर्यंत न्यायचं. म्हणजे 346 आणि 347 चे 345 होतात, 348 आणि 349 चे 350. चार बिलांत ग्राहकाचे एक आणि दोन रुपये वाचले, दोन आणि एक रुपया गेला. बेरीज शून्य. कॅनडाने 4 फेब्रुवारी 2013 पासून एक सेंटचं नाणं बँकांना पुरवणं थांबवलं, तेव्हा सरकारने दुकानांना हीच रीत घालून दिली. फक्त तिथे पाच रुपयांच्या जागी पाच सेंट होते. सोबत दोन अटी होत्या. पूर्णांक करायचा तो कर धरून आलेल्या शेवटच्या बेरजेचा, एकेका वस्तूचा नाही. आणि तोही फक्त रोखीच्या बिलाचा. कार्डाने पैसे देणाऱ्याकडून अचूक रक्कमच घ्यायची.

पहिली अट बारीक वाटते, पण सगळी मेख तिच्यात आहे. दुकानदार किमती स्वतः ठरवतो आणि त्याला 28, 99, 149 असे आकडे आवडतात. प्रत्येक वस्तू वेगळी पूर्णांक केली तर हे आकडे दर वेळी वरच जातील. दहा-बारा वस्तूंची बेरीज झाल्यावर मात्र शेवटचा आकडा काय येईल हे कुणाच्या हातात राहत नाही.

हाच आधार जिथे नसतो, तिथे काय होतं ते महाराष्ट्राने एसटीत पाहिलं. जून 2018 मध्ये 18 टक्के भाडेवाढ करताना महामंडळाने तिकिटं पाचाच्या पटीत आणली. भाडं सात रुपये होत असेल तर पाच घ्यायचे, आठ होत असेल तर दहा. कारण साधं होतं. रोज वाहक आणि प्रवासी सुट्ट्यांवरून भांडत होते आणि तिकिटाच्या मागे ‘बाकी 3’ असं लिहून घेतलेला प्रवासी उतरताना ते विसरत होता. नियम दोन्ही बाजूंनी सारखा होता, तिकिटावर छापून येत होता, वाद कमी करायला तो बरोबरच होता. पण किराण्याचं बिल रोज बदलतं, प्रवाशाचा टप्पा बदलत नाही. आठ रुपयांच्या टप्प्यावर राहणाऱ्या माणसाचे जाता-येता रोज चार रुपये जास्त जात होते. महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत शंभर. अलीकडच्या थांब्यावर चढणाऱ्या सात रुपयांच्या प्रवाशाचे तेवढेच वाचत होते. महामंडळाच्या तिजोरीत कदाचित फरक पडला नसेल, पण आठवाल्याला सातवाल्याच्या नफ्याचं काय कौतुक?

किराणा दुकानातही एकच वस्तू घेणाऱ्याची अशीच अडचण होते. 48 रुपये छापील किमतीचं पाकीट, दुसरं काही नाही. पाचाच्या पटीच्या रीतीने त्याचे 50 व्हायला हवेत. पण वेष्टनावरच्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेणं वजनमापाच्या नियमांत गुन्हा आहे, सुट्टे नाहीत ही सबब तिथे चालत नाही. म्हणून शहाणा दुकानदार अशा वेळी खालीच येतो, 45 घेतो आणि तीन रुपये वटाव म्हणून सोडतो. चॉकलेट हा त्यावरचा धूर्त उपाय आहे. कागदावर ती वेगळी विक्री ठरते, आणि घाऊक भावात घेतलेलं चॉकलेट छापील किमतीला खपल्यामुळे वर चार पैसे सुटतात. ग्राहकाने ते घेतलंच पाहिजे असं मात्र कुठेही नाही. काही इरसाल ग्राहक ती चॉकलेटं साठवतात आणि महिनाअखेरीला मूठभर गल्ल्यावर ओतून म्हणतात, ‘बारा रुपये धरा.’ ती मात्र कधीच धरली जात नाहीत.

या भांडणात नोकराची बाजू सहसा कुणी बघत नाही. संगणकात 348 ची विक्री नोंदलेली असते. त्याने 345 घेतले तर ड्रॉवरमध्ये तीन कमी, दोन परत दिले नाहीत तर दोन जास्त. दिवसभरात अशी साठ बिलं झाली की रात्री गल्ला जुळत नाही. कमी भरलं तर काही ठिकाणी ते त्याच्या पगारातून जातं. मग वर नेण्याकडे त्याचा हात आपोआप वळतो आणि त्याच्या मालकालाही ते कळत नाही. वर-खालीचा फरक बिलातच ‘राउंड ऑफ’ म्हणून नोंदवता आला, तर तो हिशोबात वेगळ्या खात्याला पडतो. ते खातं महिन्याभरात शून्याच्या आसपास न राहता सारखं दुकानाच्या बाजूने वाढत असेल, तर गल्ल्यावर काय चाललंय ते त्यावरून समजतं.

यूपीआयमुळे हा तिढा बराच सुटला. 347 रुपये 60 पैसेसुद्धा फोनवरून जसेच्या तसे जातात. एसटीतही जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर सुट्ट्यांचे वाद पुन्हा उफाळले, तेव्हा महामंडळाने यूपीआयने तिकीट काढण्याचाच आग्रह धरला. फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने तर बारा शहरांत क्यूआर कोड दाखवून नाणी देणारी यंत्रं बसवण्याचा प्रयोग जाहीर केला होता.

सातच्या गर्दीतल्या त्या ग्राहकाला शेवटी दोन रुपये मिळाले. गल्ल्यावरच्या मुलाने स्वतःचा फोन काढला, त्याचा नंबर विचारला आणि दोन रुपये पाठवून दिले. मागच्या बाईंनी पाचशेची नोट पुढे केली. त्यांचं बिल झालं होतं 212.