दरकरार आणि ऑनलाइन सूची : नित्योपयोगी वस्तूंच्या खरेदीची पद्धती

प्रस्तावना :
कागद, टोनर, खडू यांसारख्या वस्तू महाविद्यालयास वर्षभर लागतात. प्रत्येक वेळी स्वतंत्र निविदा काढल्यास तेच तपशील, तीच तुलना आणि तीच मंजुरी पुन्हा पुन्हा करावी लागते. यावर दरकरार व ऑनलाइन सूची हे दोन पर्याय आहेत. प्रस्तुत लेखात त्यांतील मूलभूत फरक स्पष्ट केला आहे.

दरकरार :
दरकरारात ठरावीक मुदतीसाठी दर व अटी निश्चित होतात. परिमाणाची हमी मात्र नसते. तो पुरवठादाराचा स्थायी प्रस्ताव असून पुरवठा आदेश दिल्यावरच बंधनकारक करार अस्तित्वात येतो. बाजारभाव घसरल्यास जुना दर महाग ठरतो. म्हणून त्यात अशी अट घालतात की, मुदतीत पुरवठादाराने इतर कोणासही कमी दराने माल विकल्यास तोच दर आपणासही लागू होईल. तथापि अशी विक्री झाल्याचे खरेदीदारास क्वचितच कळते. त्यामुळे प्रत्येक आदेशापूर्वी बाजारभाव पाहणे आवश्यक ठरते.

ऑनलाइन सूची :
केंद्र सरकारचे पुरवठा व निपटान महासंचालनालय असे दरकरार करीत असे. ते 2017 मध्ये बंद झाले. तत्पूर्वी 2016 मध्ये ‘जेम’ हे संकेतस्थळ सुरू झाले होते. तेथे विक्रेते आपले दर स्वतः मांडतात व बदलतात. येथे दर आधी ठरलेला नसल्याने तुलनेची जबाबदारी खरेदीदारावर येते.

उदाहरण :
समजा, महाविद्यालयास वर्षाला ए-4 कागदाची 600 रिमे लागतात. सूचीत 75 जीएसएमचे रिम 240 रुपयांस, तर 70 जीएसएमचे 225 रुपयांस आहे. दुसरे स्वस्त दिसते. परंतु 500 पानांच्या पहिल्या रिमाचे वजन सुमारे 2.34 किलो, तर दुसऱ्याचे 2.18 किलो भरते. म्हणजे किलोमागे दर अनुक्रमे सुमारे 103 व 103 रुपये. बचत दराची नसून कागदाच्या जाडीची आहे. म्हणून जीएसएम व पानांची संख्या तपशिलात नोंदवूनच तुलना करावी आणि माल आल्यावर एक रिम वजन करून पाहावे.

दुसरा प्रश्न मर्यादेचा आहे. 2017 च्या केंद्रीय सामान्य वित्तीय नियमांत, 2019 मधील दुरुस्तीनुसार, जेमवर 25,000 रुपयांपर्यंत थेट खरेदी करता येत असे. त्यावर 5 लाखांपर्यंत किमान तीन उत्पादकांच्या वस्तूंची तुलना अपेक्षित होती. (प्रचलित मर्यादा चालू आदेशावरून पाहाव्यात.) त्या मर्यादेत राहण्यासाठी 1,44,000 रुपयांची वार्षिक गरज 100 रिमांच्या, 24,000 रुपयांच्या सहा आदेशांत विभागणे नियमबाह्य ठरते. लेखापरीक्षणात लागोपाठच्या तारखा, तोच विक्रेता व मर्यादेखालच्या रकमा यांवरून हे सहज लक्षात येते.

निष्कर्ष :
भाव स्थिर असून गरज वारंवार उद्भवत असल्यास दरकरार सोयीचा होय. भाव झपाट्याने उतरणाऱ्या वस्तूंसाठी सूची योग्य. दोन्हींत वार्षिक गरजेचा अंदाज व नेमका तपशील आधी तयार असावा लागतो. निविदा टळते, हे काम टळत नाही.