पाव किलो जमतं, शंभर ग्रॅम अडतं

तूरडाळ एकशेसाठ रुपये किलो, गिऱ्हाईकाला हवी पाऊण किलो. दुकानदार मान वर न करता एकशेवीस सांगतो. हाच हिशोब कॉम्प्युटरला सांगायचा तर पायथन या भाषेत तो असा लिहितात:

```python
माल = "तूरडाळ"
भाव = 160
वजन = 0.75
रक्कम = भाव * वजन
print(माल, रक्कम)
```

पडद्यावर `तूरडाळ 120.0` असं उमटतं. डावीकडची नावं मराठीत लिहिली तरी पायथनची हरकत नसते. ही नावं म्हणजे व्हेरिएबल. बरणीवर चिठ्ठी चिकटवावी तसं एकेका माहितीला नाव द्यायचं आणि पुढे त्या नावानेच तिला हाक मारायची. मधल्या बरोबरच्या चिन्हाचा अर्थ मात्र शाळेतल्या गणितासारखा नाही. उजवीकडे जे असेल त्याची किंमत आधी काढ आणि तिला डावीकडचं नाव दे, एवढाच तो हुकूम आहे. म्हणून `भाव = भाव + 10` हे गणिताच्या वहीत चूक ठरेल, इथे मात्र ते बिनतक्रार चालतं आणि भाव 170 होतो.

पण भाव वाढला म्हणून आधी काढलेली रक्कम आपोआप वाढत नाही. ती 120 वरच राहते. एक्सेलमध्ये एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे बदलतात. ती सवय असलेले लोक इथे हमखास गोंधळतात. गुणाकाराची ओळ चालली त्या क्षणी भाव जो होता त्यावरून रक्कम ठरली, आणि ते नातं तिथेच संपलं. नवी रक्कम हवी असेल तर गुणाकार पुन्हा करायला सांगावं लागतं.

आता अवतरणचिन्हांकडे पाहा. तूरडाळ अवतरणात आहे, 160 नाही. अवतरणातली गोष्ट म्हणजे मजकूर, इंग्रजी नावाने स्ट्रिंग. उघडा 160 हा पूर्णांक आणि 0.75 हा दशांश. माहितीच्या या जातीला डेटा टाइप म्हणतात आणि एखाद्या चिन्हाने नेमकं काय करायचं हे तिच्यावरून ठरतं. खरी गंमत भाव कीबोर्डवरून विचारला की सुरू होते:

```python
भाव = input("भाव? ")
print(भाव * 3)
```

समजा आपण 160 टाइप केलं. उत्तर 480 येत नाही, `160160160` येतं. `input` हाती देतो तो नेहमी मजकूर असतो, भले त्यात सगळे आकडेच असोत. आणि मजकुराला तीनने गुणायचं म्हणजे तो तीनदा लिहायचा. तीनऐवजी 0.75 ने गुणलं, तर मजकूर पाऊण वेळा लिहिता येत नाही म्हणून कार्यक्रम `TypeError` असं सांगून थांबतो. माझ्या मते हे थांबणं परवडलं. चुकीचं बिल मुकाट्याने छापलं जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. उपाय सोपा आहे: `int(input("भाव? "))` असं लिहून मजकुराचा पूर्णांक करून घ्यायचा. कोणी देवनागरीत १६० टाइप केलं तरी `int` ते समजून घेतो.

असा आकड्यांच्या वेशातला मजकूर ओळखायचा कसा? भाव चढत्या क्रमाने लावून पाहा. 95, 160 आणि 1200 हे मजकूर असतील तर 1200 पहिला येईल, मग 160 आणि शेवटी 95, कारण शब्दकोशाप्रमाणे पहिलं अक्षर आधी पाहिलं जातं. एक्सेलमध्ये तर नजरेनेही कळतं: तुम्ही मुद्दाम काही बदललं नसेल तर संख्या चौकटीत उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे.

उलट चूकही तितकीच होते. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक संख्या म्हणून ठेवला की पुढचं शून्य गळून पडतं. सोळा आकडी कार्ड क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकला तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल पंधराच आकडे नेमके जपतं. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: याची बेरीज कधी करणार आहे का? दोन मोबाइल नंबरांची बेरीज कोणी करत नाही. मग तो आकड्यांचा असला तरी मजकूरच.

आता दशांश. इथे जरा रेंगाळू या, कारण बिलात पैशांची चूक शिरते ती इथूनच.

```python
print(0.25 + 0.25 + 0.25)
print(0.1 + 0.1 + 0.1)
```

पहिलं उत्तर `0.75`, अगदी चोख. दुसरं `0.30000000000000004`. तीनदा पाव किलो घेतलं तर हिशोब जमतो, तीनदा शंभर ग्रॅम घेतलं तर शेपूट उरतं. कारण कॉम्प्युटर संख्या दोनच्या पटीत साठवतो: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश अशा तुकड्यांची बेरीज करून. पाऊण म्हणजे अर्धा अधिक पाव, काम झालं. एक दशांश मात्र या तुकड्यांतून कधीच पूर्ण होत नाही, जसा एक तृतीयांश 0.333 असा लिहीत गेलं तरी संपत नाही. म्हणून मशीन त्याच्या अगदी जवळची संख्या ठेवतं आणि फरक अठराव्या दशांश स्थळी जातो.

गमतीची बाब अशी की आपली जुनी मापं कॉम्प्युटरला मानवली असती. शेराचे अर्धा, पाव, अदपाव, छटाक, सगळे निम्म्याने उतरणारे. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, तेही निम्म्यानिम्म्यानेच. (पैशाच्या तीन पै मात्र आड आल्या असत्या.) 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि माणसाचा हिशोब सुटसुटीत झाला. पण आज 1 ते 99 पैशांतल्या 25, 50 आणि 75 या तीनच रकमा रुपयाच्या दशांशात नेमक्या साठवता येतात. बाकीच्या शहाण्णव अंदाजे.

एका बिलात हा फरक दिसत नाही. तो उघडा पडतो दोन रकमा तंतोतंत सारख्या आहेत का असं विचारल्यावर. `0.1 + 0.1 + 0.1 == 0.3` याला पायथन `False` म्हणतो. दिवसाचा गल्ला आणि बिलांची बेरीज अशी ताडून पाहिली, तर काहीही चुकलेलं नसताना फरक आहे असा निकाल येऊ शकतो.

यावरचा एक रुळलेला उपाय म्हणजे रुपये सोडून सगळा हिशोब पैशांत, म्हणजे पूर्णांकात करायचा. ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या रेझरपेसारख्या सेवेलाही पाचशे रुपये 50000 असेच कळवावे लागतात. वजनही ग्रॅममध्ये घ्यायचं:

```python
भाव = 16000
वजन = 750
रक्कम = भाव * वजन // 1000
```

उत्तर 12000 पैसे, म्हणजे एकशेवीस रुपये. `//` म्हणजे भागाकार करून उरलेला अपूर्णांक सोडून देणं, आणि हे सोडणं नेहमी निरुपद्रवी नसतं. साडेसेहेचाळीस रुपये किलोची साखर 335 ग्रॅम भरली तर होतात 1557.75 पैसे, आणि या ओळीतून निघतात 1557. ते 1558 करायचे की नाही, आणि पूर्ण रुपयात आणणं प्रत्येक वस्तूला करायचं की शेवटी एकूण बिलाला, हे कोणत्याही डेटा टाइपला ठाऊक नसतं. ते दुकानदाराला विचारूनच लिहावं लागतं.