नोटिफिकेशन नेमकी येते कुठून?

अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर येणाऱ्या नोटिफिकेशनना दोन वाटा आहेत. एक वाट फोनमध्ये घेतलेल्या अ‍ॅपची, ती सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी वाट क्रोमसारख्या ब्राउझरमधून जाते. परवानगी मिळालेली कोणतीही वेबसाइट, ती उघडी नसतानाही, ब्राउझरमार्फत फोनवर मजकूर पाठवू शकते. क्रोममध्ये ही सोय 2015 साली आली. बातम्या किंवा ईमेल कळवण्यासाठी ती उपयोगी आहे, पण जाहिरातबाजांनी आणि ठगांनीही तीच हेरली.

परवानगी काढून घेण्याची त्यांची रीत ठरलेली असते. समजा, एखादा गृहस्थ फुकट सिनेमा पाहण्यासाठी अनोळखी साइट उघडतो. व्हिडिओऐवजी पडद्यावर फिरते चक्र दिसते आणि खाली सूचना असते: तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी Allow दाबा. खऱ्या कॅप्चात चित्रे निवडावी लागतात किंवा चौकटीत टिचकी मारावी लागते. Allow हे बटण मात्र साइटचे नसून ब्राउझरचे असते आणि त्याचा अर्थ एवढाच, की या साइटला नोटिफिकेशन पाठवू द्या. ते दाबल्यावर सिनेमा लागत नाही, पान दुसऱ्याच पत्त्यावर उडी घेते आणि तिथे पुन्हा तीच विचारणा होते. परवानगी प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र मिळत असल्याने दोन मिनिटांत चार-पाच साइट यादीत जाऊन बसतात.

त्याच संध्याकाळी फोन वाजू लागतो. ‘तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस सापडले’, ‘बँक खाते आज बंद होईल’, ‘कुरिअर अडकले आहे’. शेजारी नावाजलेल्या अँटिव्हायरसचे किंवा बँकेचे चिन्ह असते. ते चिन्ह आणि मजकूर दोन्ही साइटने स्वतः निवडलेले असतात, म्हणून त्यांच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. साइटला बदलता येत नाहीत अशा दोनच गोष्टी तिथे असतात: नोटिफिकेशन पोहोचवणाऱ्या अ‍ॅपचे नाव आणि साइटचा पत्ता. व्हायरसच्या इशाऱ्यावर ‘Chrome’ असे नाव आणि त्याला लागून एखादा अगम्य पत्ता दिसला, तर तो इशारा फोनने दिलेला नाही. वेबसाइटला फोन तपासताच येत नाही, त्यामुळे तिने मोजलेले व्हायरस निव्वळ थाप असतात.

घाबरलेली माणसे इथे बहुधा चुकीच्या जागी उपाय शोधतात. अँटिव्हायरसला काही सापडत नाही, कारण फोनमध्ये नवे अ‍ॅप आलेलेच नसते. ब्राउझरची हिस्टरी पुसल्यानेही परवानगी जात नाही.

योग्य उपाय नोटिफिकेशनवरच सुरू होतो. मजकुरावर टिचकी न मारता बोट दाबून धरावे, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव आणि ती बंद करण्याची सोय दिसते. मग क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून Settings, तिथून Site settings आणि Notifications उघडावे. परवानगी मिळालेल्या सगळ्या साइटची यादी समोर येते. संगणकावर ती अशी उघडते:

```
chrome://settings/content/notifications
```

यादीतला जो पत्ता ओळखीचा नाही त्याला Block करावे. नुसता काढून टाकला तर ती साइट पुढच्या भेटीत पुन्हा विचारू शकते, Block केल्यावर विचारू शकत नाही. क्रोमच्याच साऱ्या नोटिफिकेशन बंद करणे हा घाईचा उपाय आहे. त्यात डाउनलोडची माहितीही दिसेनाशी होते. त्यापेक्षा याच पानावर सर्व साइटची विचारणाच बंद ठेवणे बरे. बहुतेकांचे त्यावाचून काही अडत नाही.

दाबून धरल्यावर नाव क्रोमचे नसून टॉर्च किंवा वॉलपेपरच्या अ‍ॅपचे निघाले, तर दोष त्या अ‍ॅपचा. फोनच्या सेटिंग्जमधील नोटिफिकेशनच्या विभागात अ‍ॅपची यादी असते, अनेक फोनवर ती ताज्या किंवा वारंवार येणाऱ्या नोटिफिकेशनच्या क्रमानेही लावता येते. अँड्रॉइड 13 पासून नव्या अ‍ॅपला आधी विचारावे लागते, पण जुन्या फोनवर अ‍ॅप घेताच त्याला ही मुभा मिळते, म्हणून तिथे यादी वरपासून खालपर्यंत पाहावी लागते. प्रत्येक अ‍ॅपला सरसकट गप्प करण्याचीही गरज नाही. खरेदीच्या अनेक अ‍ॅपमध्ये ऑर्डर आणि ऑफर असे वेगळे प्रकार असतात, त्यातला फक्त दुसरा बंद करता येतो. चुकून बाजूला सारलेली नोटिफिकेशन शोधायची असेल, तर अँड्रॉइड 11 पासून Notification history उपलब्ध आहे. ती आधी सुरू करून ठेवलेली असावी लागते.

परवानगी बंद केल्याने पुढचा त्रास थांबतो, आधी झालेले नुकसान भरून येत नाही. नोटिफिकेशनवरून उघडलेल्या पानावर कार्डाचा तपशील किंवा ओटीपी भरला गेला असेल, तर प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्या पानावरून एखादे अ‍ॅप घेतले असेल तर तेही काढून टाकावे लागते, कारण ब्राउझरमधली यादी साफ केली तरी ते अ‍ॅप फोनमध्ये राहते.